नकार दिलेल्या रिक्रूटरला पुन्हा लिहिताना

नोकरीचा अर्ज नाकारला गेला की अर्जदारापुरती ती गोष्ट संपते. कंपनीच्या बाजूने मात्र ती संपलेली नसते. तिथे संगणकात अर्जदाराच्या नावाची नोंद तशीच राहते. कोणत्या जागेसाठी अर्ज आला, कितव्या फेरीपर्यंत पोचला, मुलाखत कोणी घेतली आणि शेवटी कोणत्या कारणाने बंद केला, एवढं त्या नोंदीत असतं. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्ज बंद करताना बहुतेक ठिकाणी कारण निवडावंच लागतं. कधी ते एका शब्दाचं असतं, कधी त्याखाली मुलाखत घेणाऱ्याने लिहिलेल्या दोन ओळी असतात. पाच-सहा महिन्यांनी तोच उमेदवार एखादी परीक्षा पास होतो आणि रिक्रूटरला कळवतो, तेव्हा मन लावून काम करणारा रिक्रूटर आधी ही नोंद उघडतो. नवं प्रमाणपत्र आणि जुनं कारण समोरासमोर ठेवलं की पुढचा निर्णय बहुतेक वेळा तिथल्या तिथेच होतो.

पुण्यातल्या आयटी कंपन्यांसाठी भरतीचं काम करताना मी असे कितीतरी निरोप वाचले आहेत. त्यातले बरेचसे एका ओळीचे असत: अमुक परीक्षा पास झालो, प्रमाणपत्र जोडलं आहे, कृपया विचार व्हावा. लिहिणाऱ्याने रात्री जागून अभ्यास केलेला असतो, खिशातले पैसे घालून परीक्षा दिलेली असते, आणि एवढं करून निरोप अशा रीतीने लिहिलेला असतो की वाचणाऱ्याला त्याचं काही करताच येत नाही. याचं मला फार वाईट वाटायचं. म्हणूनच हा निरोप पलीकडच्या टेबलावरून कसा दिसतो, ते जरा तपशिलात सांगतो.

आधी रिक्रूटरच्या हातात नेमकं काय असतं ते पाहू. त्याला स्वतःच्या मर्जीने कोणाला नोकरी देता येत नाही. एखाद्या टीमच्या मॅनेजरने माणसाची मागणी नोंदवली, तिला पैशांची मंजुरी मिळाली, की ती जागा त्याच्या यादीत येते. ती भरली की यादीतून जाते. तुम्हाला नकार मिळाला ती जागा सहा महिन्यांनी जवळपास नेहमीच भरलेली असते, किंवा रद्द झालेली असते. त्यामुळे ‘त्या निर्णयाचा फेरविचार करा’ या विनंतीला अर्थच उरत नाही, कारण फेरविचार करायला ती जागाच नसते. रिक्रूटर दोनच गोष्टी करू शकतो. तुमची नोंद ताजी करून ठेवणं ही एक, आणि तशाच दुसऱ्या जागेसाठी मॅनेजरपुढे तुमचं नाव पुन्हा मांडणं ही दुसरी. दुसरी गोष्ट करताना मॅनेजर हमखास विचारतो, ‘यालाच आपण मागे नाही म्हटलं होतं ना? मग आता काय बदललं?’ या प्रश्नाचं तयार उत्तर रिक्रूटरच्या हातात देणं, एवढंच तुमच्या निरोपाचं काम आहे.

ते उत्तर देण्यासाठी नकाराचं खरं कारण माहीत असावं लागतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. ‘आम्ही अन्य उमेदवारांसोबत पुढे जात आहोत’ हा ईमेल सगळ्यांना सारखाच जातो. त्यातून काही कळत नाही. पण नकार केव्हा आला, यावरून बराच अंदाज येतो. ऑनलाइन अर्ज भरल्यावर काही मिनिटांतच नकार आला, तर तो बहुधा एखाद्या होय-नाही प्रश्नावर अडला आहे: अनुभवाची किमान वर्षं, कामाचं ठिकाण, एखादी सक्तीची पात्रता. रिक्रूटरचा फोन झाला, पगार आणि नोटीस पीरियड विचारला गेला आणि मग शांतता पसरली, तर कारण बहुतेक त्या दोन आकड्यांत आहे. आपल्याकडे नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड हे नकाराचं फार मोठं कारण असतं आणि ते कोणी लिहून कळवत नाही. तांत्रिक फेरी होऊन नकार आला असेल, तरच कारण तुमच्या ज्ञानाशी किंवा अनुभवाशी जोडलेलं असण्याची शक्यता जास्त. प्रमाणपत्राचा उपयोग पहिल्या प्रकारात कधीकधी होतो, तिसऱ्यात बऱ्यापैकी होतो, मधल्या प्रकारात अजिबात होत नाही. ज्याला नोटीस पीरियडमुळे नाकारलं, त्याने तीन प्रमाणपत्रं मिळवली तरी नव्वद दिवस नव्वदच राहतात.

म्हणून नकार कळला त्याच आठवड्यात रिक्रूटरला एक साधा फोन करावा. ‘मॅडम, निर्णय कळला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पुढच्या तयारीसाठी विचारतो, मी कोणत्या भागात कमी पडलो?’ असं विचारलं की पुष्कळ रिक्रूटर समोर उघडी असलेली नोंद पाहून दोन शब्द सांगतात. सगळेच सांगत नाहीत. काही कंपन्यांत ते सांगायला मनाई असते. पण महिने उलटल्यावर विचारलं तर तेवढीही आठवण कोणाला नसते.

प्रमाणपत्र आणि कारण एकमेकांना अगदी चपखल बसतात असं एक क्षेत्र इथे सांगतो. म्युच्युअल फंड विकण्याच्या कामासाठी सेबीच्या नियमांनुसार एनआयएसएमची ‘मालिका पाच-अ’ ही परीक्षा पास असावी लागते. शंभर गुणांची परीक्षा, पास व्हायला पन्नास गुण, प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. बँकेच्या किंवा वितरकाच्या शाखेत ‘प्रमाणपत्र नाही’ म्हणून नाकारलेल्या उमेदवाराने ते मिळवलं, तर नकाराचं कारण पूर्ण नाहीसं होतं. त्याचा निरोप दोन ओळींचा असला तरी चालतो. आयटीतली प्रमाणपत्रं अशी नसतात. कायद्याने ती कोणी मागत नाही; उमेदवाराला काय येतं याचा ती एक पुरावा असतात, आणि तो पुरावा किती मानायचा हे समोरचा ठरवतो. निरोप कसा लिहायचा हा प्रश्न खरा इथे उभा राहतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, संगमनेरकडचा एक तरुण आहे. तीन वर्षं हिंजवडीतल्या एका सेवा-कंपनीत अ‍ॅप्लिकेशन सपोर्टचं काम करतो आहे. शिफ्ट, तिकिटं आणि क्लायंटचे फोन यांत दिवस जातो. त्याने खराडीतल्या एका कंपनीत क्लाउड सपोर्ट इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज केला. रिक्रूटरचा फोन नीट झाला. तांत्रिक फेरीत त्याला विचारलं, ‘इंटरनेटवरून कोणालाही थेट गाठता येऊ नये म्हणून सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्ये ठेवला आहे. आता त्याच सर्व्हरला बाहेरून सॉफ्टवेअरचे अपडेट घ्यायचे आहेत. कसं कराल?’ तो अडखळला. चार दिवसांनी नकार आला. त्याने फोन करून विचारलं, तेव्हा रिक्रूटरने सांगितलं, ‘बाकी ठीक होतं, पण पॅनेलने नेटवर्किंग कच्चं आहे असं लिहिलंय.’

आता त्याने काय शिकावं आणि कोणती परीक्षा द्यावी? अशा वेळी बरेच जण पहिली दिसेल ती परीक्षा देतात. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे एडब्ल्यूएसची, सर्वांत पायाभूत परीक्षा ‘क्लाउड प्रॅक्टिशनर’ ही आहे. ती सोपी आहे, स्वस्त आहे, आणि या तरुणाच्या बाबतीत निरुपयोगी आहे. क्लाउड म्हणजे काय, त्याचे फायदे कोणते, बिल कसं येतं, अशा प्राथमिक गोष्टी ती तपासते. पॅनेलचा आक्षेप नेटवर्किंगवर होता, त्याला ती हातही लावत नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या उपयोगाची परीक्षा वरच्या पायरीची आहे: ‘सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट’, सध्याच्या आवृत्तीचा कोड SAA-C03. तिच्यात १३० मिनिटांत ६५ प्रश्न सोडवायचे असतात. १०० ते १००० अशा गुणांकनात ७२० ला पास होतो. फी १५० डॉलर, त्यावर कर वेगळा. प्रश्न बहुतेक प्रसंगावर बेतलेले असतात: अमुक कंपनीला अमुक गरज आहे, कमीत कमी खर्चात कोणती रचना बसेल? प्रायव्हेट सबनेट, रूटिंग, सुरक्षेचे नियम हे सगळं त्यात येतंच.

आणखी एक फरक नीट समजून घ्यायला हवा. ऑनलाइन कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणि परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलं व्हिडिओ संपले की मिळतं. दुसऱ्यासाठी परीक्षा केंद्रावर जावं लागतं, किंवा घरी कॅमेऱ्यासमोर, टेबल मोकळं करून, ओळखपत्र दाखवून बसावं लागतं. रिक्रूटर कोर्सच्या प्रमाणपत्राला वाईट म्हणत नाही, पण बंद झालेली नोंद पुन्हा उघडण्याइतकं वजन तो त्याला देत नाही. निरोपात ‘सर्टिफिकेशन पूर्ण केलं’ असं मोघम लिहून कोर्सचा कागद जोडला, तर तपासताना ते कळतंच, आणि मग उरलेल्या मजकुरावरचाही विश्वास कमी होतो.

परीक्षा पास होण्याने पॅनेलचा आक्षेप अर्धाच दूर होतो. इंटरनेटवर या परीक्षांचे चोरलेले प्रश्नसंच फिरतात, ते घोकून पास होणारे आहेत, आणि मुलाखत घेणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक आहे. (असे प्रश्नसंच वापरणं परीक्षेच्या कराराचा भंग आहे, उघड झालं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं.) उरलेला अर्धा आक्षेप दूर होतो तो हाताने केलेल्या कामाने. आपल्या तरुणाने एक छोटी यंत्रणा उभी केली, असं धरू. मुंबईच्या डेटा सेंटर समूहात, म्हणजे एडब्ल्यूएसच्या पडद्यावर ज्याचं नाव ap-south-1 असं दिसतं तिथे, त्याने स्वतःचं एक जाळं आखलं. दोन पब्लिक सबनेट, दोन प्रायव्हेट. वेब सर्व्हर आणि डेटाबेस प्रायव्हेटमध्ये, पुढे लोड बॅलन्सर, आणि सर्व्हरला बाहेर पडण्यासाठी नॅट गेटवे. मुलाखतीत त्याला न आलेलं उत्तर हेच होतं: नॅट गेटवे आतून बाहेर जाऊ देतो, बाहेरून कोणाला आत येऊ देत नाही. हे पुस्तकातही वाचता येतं. पण यंत्रणा दोन दिवस चालू राहिली आणि बिल आलं, तेव्हा त्याला दिसलं की नॅट गेटवे काहीही न करता नुसता उभा असला तरी तासाच्या हिशेबाने पैसे घेतो. ते पुस्तक वाचून सहसा डोक्यात राहत नाही. त्याने यंत्रणा रोज रात्री मोडून सकाळी पुन्हा उभी करायला सुरुवात केली, त्यासाठी स्क्रिप्ट लिहिली, आणि तोच कोड आकृतीसह गिटहबवर ठेवला.

इथे दोन धोके आहेत, आणि दोन्ही मी प्रत्यक्ष पाहिले आहेत. पहिला, कोड सार्वजनिक करताना त्यात खात्याच्या गुप्त चाव्या राहून जाणं. अशा चाव्या शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर सतत चालू असतात. दुसऱ्याच्या खात्यावर भलतं बिल चढतं ते वेगळंच. पण मुलाखत घेणाऱ्याने तो कोड उघडला आणि त्यात चाव्या दिसल्या, तर नेटवर्किंगपेक्षा मोठा आक्षेप तयार होतो. दुसरा धोका म्हणजे सध्याच्या कंपनीत क्लायंटसाठी केलेली रचना आपला नमुना म्हणून दाखवणं. ती गोपनीय असते. जो आज जुन्या क्लायंटची आकृती आपल्याला दाखवतो, तो उद्या आपली दुसऱ्याला दाखवेल, एवढा विचार कोणताही मॅनेजर करतो.

निरोप लिहिण्याआधी अगदी साधी वाटणारी एक गोष्ट तपासावी: नाव. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, पॅन कार्डावर कधी आणखी वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या कागदांत तर दोन-दोन आडनावं. परीक्षेच्या खात्यातलं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही, तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. आणि प्रमाणपत्रावरचं नाव सीव्हीवरच्या नावाशी जुळलं नाही, तर पडताळणीत विचारणा होते. जिथे फरक राहणारच असेल, तिथे निरोपात एक वाक्य लिहावं की प्रमाणपत्रावर नाव असं आहे. दुसरं, परीक्षेचं खातं स्वतःच्या खासगी ईमेलवर असावं. सध्याच्या कंपनीच्या ईमेलवर खातं उघडलं आणि नोकरी सोडली, की स्वतःच्याच प्रमाणपत्रापर्यंत पोचायला धडपड करावी लागते.

आता निरोप. तो त्याने नवा ईमेल म्हणून न पाठवता, मुलाखतीची वेळ ठरवताना झालेल्या जुन्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवला. यामुळे रिक्रूटरला हा कोण, कधीचा, कोणत्या जागेचा, हे शोधावं लागत नाही. सगळा इतिहास खालीच असतो. अशी पत्रं आपल्याकडे इंग्रजीत जातात, पण मजकूर मराठीत सांगायचा तर साधारण असा होता:

‘नमस्कार मॅडम. फेब्रुवारीत क्लाउड सपोर्ट इंजिनिअरच्या जागेसाठी तुम्ही माझी मुलाखत ठरवली होती. तांत्रिक फेरीत नेटवर्किंगचा भाग कमी पडला, असं तुम्ही नंतर फोनवर सांगितलंत. त्या भागाचा अभ्यास करून मी या महिन्यात एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा पास झालो. पडताळणीची लिंक खाली दिली आहे. प्रायव्हेट सबनेटमधली एक यंत्रणा स्वतः उभी केली आहे. तिची आकृती आणि कोड दुसऱ्या लिंकवर आहे. माझा नोटीस पीरियड साठ दिवसांचा आहे. येत्या काही महिन्यांत याच प्रकारची जागा निघाली, तर माझं नाव पुन्हा पाठवता येईल का? पुन्हा अर्ज करण्याआधी किती काळ जावा लागतो, तेही कळवावं. नवा सीव्ही सोबत जोडला आहे.’

या मजकुरात नकाराचं कारण त्याने स्वतःच, न लाजता लिहिलं आहे. अनेकांना वाटतं की आपली कमजोरी पुन्हा कशाला काढायची. पण ती नोंदीत आहेच. रिक्रूटरला ती दिसणारच. आपणच ती सांगितली की ‘काय बदललं’ या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात तयार होतं, आणि रिक्रूटर ते वाक्य उचलून तसंच मॅनेजरला पाठवू शकतो. प्रमाणपत्राचा फोटो न जोडता पडताळणीची लिंक दिली आहे, कारण फोटोत फेरफार करता येतो आणि लिंकवर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडचीच नोंद उघडते. एडब्ल्यूएसचा डिजिटल बॅज क्रेडली या सेवेवर मिळतो. त्यावर नाव, तारीख आणि मुदत दिसते. परीक्षा दिल्यावर निकाल यायला काही दिवस लागू शकतात, तोवर थांबावं. ‘परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे’ असा निरोप पाठवून काही होत नाही, उलट दुसऱ्यांदा लिहायचं निमित्त आपण आधीच खर्च करून बसतो. शेवटचे प्रश्न नेमके आहेत, त्यांचं उत्तर रिक्रूटरला एका मिनिटात देता येतं. ‘मार्गदर्शन करावं’ अशा विनंतीला मात्र काय उत्तर द्यावं हेच कळत नाही, म्हणून ती तशीच पडून राहते.

जे त्यात नाही तेही महत्त्वाचं आहे. मागच्या मुलाखतीबद्दल तक्रार नाही. ‘आता मी या पदासाठी पूर्ण पात्र आहे’ असा दावा नाही; तो ठरवण्याचा अधिकार पॅनेलचा आहे आणि असा दावा वाचून पॅनेल चिडतं. लिंक्डइनवर प्रमाणपत्राची जाहीर पोस्ट टाकून तिच्यात नकार देणाऱ्या रिक्रूटरला टॅग करणाऱ्यांनाही मी पाहिलं आहे. ‘ज्यांनी नाकारलं त्यांचे आभार’ असा त्यांचा सूर असतो. वाचणाऱ्या प्रत्येक रिक्रूटरला त्यातला राग कळतो. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल, तर रिक्रूटरनेच मुलाखतीच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं केलं असेल तर तिथे दोन ओळी लिहून ‘सविस्तर ईमेल केला आहे’ एवढं कळवायला हरकत नाही. रविवारी सकाळी प्रमाणपत्राची पीडीएफ आणि हात जोडलेल्या चिन्हाने सुरुवात करू नये.

त्याच दिवशी नोकरीच्या पोर्टलवरची माहितीही अद्ययावत करावी. नौकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर रिक्रूटर शोध घेताना ‘अलीकडे कोण सक्रिय होतं’ असा चाळण लावतात. बदल केला की तुमचं प्रोफाइल ताजं दिसतं, आणि ज्या कंपन्यांनी तुम्हाला कधीच नाकारलं नाही त्यांच्याही शोधात येतं. खरं सांगायचं तर प्रमाणपत्राचा फायदा जुन्या रिक्रूटरपेक्षा या अनोळखी रिक्रूटरांकडून आधी मिळतो, असं मी जास्त वेळा पाहिलं आहे.

उत्तर काय येऊ शकतं? बऱ्याच आयटी कंपन्यांत मुलाखतीत नापास झालेल्या उमेदवाराला ठरावीक काळ पुन्हा बोलावत नाहीत. याला तिथे कूलिंग पीरियड म्हणतात. पुष्कळ ठिकाणी तो सहा महिन्यांचा असतो, काही ठिकाणी तीन, काही ठिकाणी वर्षाचाही. आपल्या तरुणाने नकारानंतर चार महिन्यांनी लिहिलं, तर रिक्रूटरने मनात असूनही सॉफ्टवेअर नवा अर्ज पुढे जाऊ देणार नाही. ‘ऑगस्टनंतर लिहा’ असं उत्तर आलं, तर तो नकार नाही. ती तारीख आहे. ती लिहून ठेवावी आणि त्या आठवड्यात त्याच ईमेलवर पुन्हा दोन ओळी पाठवाव्यात. काहीच उत्तर आलं नाही, तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, आणि तिथे थांबावं. वेगळ्या ईमेलने किंवा फोन नंबरने नवा अर्ज भरून कूलिंग पीरियड चुकवायचा प्रयत्न कोणी करू नये. पडताळणीच्या वेळी पॅन क्रमांकावरून तो उघडा पडतो आणि मग हाती आलेली ऑफरही जाते.

हा रिक्रूटर कंपनीचा नसून कन्सल्टन्सीचा असेल, तर हिशेब थोडा वेगळा होतो. कन्सल्टन्सीला उमेदवार रुजू झाल्यावर कंपनीकडून शुल्क मिळतं. वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, हा दर बराच रूढ आहे. त्यामुळे नवं प्रमाणपत्र ऐकून त्या रिक्रूटरला कंपनीच्या रिक्रूटरपेक्षा जास्त आनंद होतो; त्याच्याकडे दहा कंपन्यांच्या जागा असतात. पण एकदा तुमचं नाव त्याने एखाद्या कंपनीला पाठवलं की काही महिने त्या कंपनीच्या नोंदीत तुम्ही ‘त्याचे उमेदवार’ असता. त्याच काळात तुम्ही थेट कंपनीलाही लिहिलंत, किंवा दुसऱ्या कन्सल्टन्सीला होकार दिलात, तर एकच नाव दोन वाटांनी येतं. शुल्क कोणाला द्यायचं यावर वाद नको म्हणून अनेक कंपन्या सरळ तो उमेदवारच बाजूला ठेवतात. उमेदवाराला हे कधी कळतही नाही. म्हणून कन्सल्टन्सीला लिहिताना स्पष्ट सांगावं की मला विचारल्याशिवाय माझं नाव कुठे पाठवू नका, आणि कोणाकडून कुठे गेलं याची स्वतःची वही ठेवावी.

आणि एखादा रिक्रूटर नकार देताना असं म्हणाला की ‘आमच्याकडूनच हा सर्टिफिकेशन कोर्स करा, मग जागा नक्की’, तर तिथे पैसे भरू नयेत. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. खरी परीक्षा देणारी संस्था आणि नोकरी देणारी कंपनी या एकमेकींपासून स्वतंत्र असतात, आणि प्रमाणपत्राला जी काही किंमत आहे ती त्या स्वतंत्रपणामुळेच आहे.

कधी ईमेल परत येतो: हा पत्ता अस्तित्वात नाही. रिक्रूटरही नोकऱ्या बदलतात, आणि भरपूर बदलतात. अशा वेळी कंपनीच्या करिअर पानावरून नवा अर्ज करावा. तुमची जुनी नोंद तिथे आहेच, ती माणसाबरोबर गेलेली नाही. आणि त्या रिक्रूटरला लिंक्डइनवर शोधून, ती आता ज्या कंपनीत आहे तिथल्या जागांबद्दल विचारावं. नव्या कंपनीत तुमच्या नावापुढे नकाराची नोंद नसते, पण तुमच्याशी फोनवर नीट बोलल्याची तिला आठवण असू शकते. नकार ऐकून तुम्ही त्या वेळी कसे बोललात, ते इथे उपयोगी पडतं.

आपल्या तरुणाला सप्टेंबरमध्ये बोलावणं आलं, असं धरू. शेजारच्या टीमची जागा, पण पॅनेलमधला एक माणूस फेब्रुवारीतलाच. त्याच्यासमोर जुनी नोंद उघडी असते आणि तो बहुधा तोच प्रश्न पुन्हा विचारतो, कारण त्याला फरक मोजायचा असतो. म्हणून तयारी करताना नव्या विषयांआधी जुन्या मुलाखतीतले आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढावेत. प्रायव्हेट सबनेटमधल्या सर्व्हरला बाहेर कसं जाऊ द्याल? या वेळी तो नॅट गेटवे सांगतो. पॅनेलचा माणूस एक पायरी पुढे जातो: ‘त्या सर्व्हरला फक्त एस-थ्रीमधल्या फाइल्स वाचायच्या आहेत. तरीही नॅट गेटवेच लावाल?’ ज्याने फक्त परीक्षेपुरता अभ्यास केला तो इथे घुटमळतो. ज्याने स्वतःच्या कार्डावर आलेलं बिल पाहिलं आहे तो सांगतो की नाही, एस-थ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट जोडेन. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि रहदारी इंटरनेटवर जातच नाही. मग तो स्वतःहून, रूट टेबलमध्ये ती नोंद घालायला आपण पहिल्यांदा विसरलो तेव्हा सर्व्हर फाइलची वाट पाहत कसा अडकून बसला होता, तेही सांगतो. समोरचा माणूस नोंदीत लिहू लागतो.